फॅराडेची मेणबत्ती सहा चौकटींत: विज्ञानाच्या व्याख्यानाचं कॉमिक कसं करतात?

मेणबत्तीत नेमकं काय जळतं? बहुतेक जण म्हणतील, वात. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८६०-६१च्या नाताळात मायकेल फॅराडे यांनी मुलांसाठी मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली. त्यातल्या पहिल्याच व्याख्यानात या प्रश्नाचं उत्तर मिळतं. तेवढ्याच भागाची चित्रपट्टी करायची असेल तर?

व्याख्यानातल्या प्रत्येक वाक्याला एक चौकट द्यायची नाही. जिथे मेणाचं काहीतरी बदलतं, तिथे नवी चौकट.

पहिल्या चौकटीत वितळलेल्या मेणाची वाटी. कॅप्शन: ‘वर जाणारी हवा कडा थंड ठेवते, म्हणून मेण मध्येच साचतं.’ दुसरीत वातीचा उभा छेद: ‘मेण धाग्यांमधल्या फटींतून वर चढतं.’ तिसरीत वातीचं टोक: ‘इथे मेणाची वाफ होते. जळते ती ही वाफ.’

मेण वर कसं चढतं हे दाखवायला फॅराडे यांनी मिठाचा खांब आणि रंगीत पाणी वापरलं होतं. समोर बसलेल्यांना ते छान कळतं. पट्टीत मात्र मध्येच मीठ आलं की वाचक मेणबत्ती विसरतो. मी ते सरळ गाळेन.

आता खरी गंमत. चौथ्या चौकटीत मेणबत्ती हलकेच विझवली आहे आणि वातीतून पांढरी रेघ वर जाते आहे. कॅप्शन: ‘ज्योत गेली, पण वात गरम आहे. काही सेकंद वाफ निघतच राहते.’ पाचवीत पेटती काडी त्या रेघेत, वातीपासून दोन-तीन इंच दूर. इथे कॅप्शन नको. सहावीत वात पुन्हा पेटलेली: ‘आग वाफेच्या वाटेने खाली आली.’

गडबड होते ती इथेच. जागा वाचवायला पाचवी आणि सहावी चौकट एकत्र केली, तर काडी वातीला टेकवली असंच वाटतं आणि सगळा पुरावाच जातो. म्हणून चौथीपासून सहावीपर्यंत मेणबत्ती त्याच जागी, त्याच आकाराची काढायची, म्हणजे मधलं अंतर नजरेत भरतं. रेघही काळी नको, नाहीतर ती काजळी वाटेल. ती थंड होऊन गोठलेल्या मेणाच्या बारीक कणांमुळे पांढरी दिसते. (वाऱ्याने ही रेघ मोडली तर प्रयोग फसतो, त्यामुळे मागे हलणारा पडदा वगैरे काढू नका!)

कॅप्शन जमलं का, हे ओळखायला चित्र हाताने झाका. ‘माणूस काडी जवळ नेतो’ हे चित्रातच दिसतं, ते खोडा. ‘वात गरम आहे’ हे चित्रात दिसत नाही, ते ठेवा. मग कॅप्शन झाकून पट्टी एखाद्या मित्राला दाखवा आणि विचारा, काडी कुठे लागली? ‘वातीला’ असं उत्तर आलं, तर पाचवी चौकट पुन्हा काढायची.