कोलाय गेलसिन

कोराडीत देवळाबाहेर झाडणाऱ्या बाईजवळून जाताना आपण म्हणतो, "चालू द्या तुमचं." म्हणजे तुमच्या कामात आमची अडचण नको. तुर्की लोक अशा वेळी "कोलाय गेलसिन" म्हणतात. कोलाय म्हणजे सोपं, गेलसिन म्हणजे येवो. झाडूवाला, गवंडी, दुकानदार, ओळख नसली तरी म्हणतात, दुकानातून निघतानाही. पण समोरचा कामात हवा किंवा कामाला निघालेला. निवांत बसलेल्याला हे म्हणत नाहीत.

इंग्रजीत 'गुड लक' म्हटलं, तर काम नशिबावर जातं. 'टेक इट इझी' म्हटलं, तर जरा दमानं घ्या असं होतं. इथं काम थांबत नाही, ते हलकं जावो एवढंच मागणं. आपल्या "चालू द्या"त ते मागणं नाही. मग झाडणाऱ्या बाईला आपण "सोपं जावो" का म्हणू नये?