प्रिंटरची खरी किंमत : पानामागे किती?

धान्याचा वा हळदीचा सौदा करताना आपला व्यापारी केवळ भाव पाहत नाही. हमाली, तोलाई, बारदान, वाहतूक आणि घट धरून माल घरपोच कितीला पडला, याचा तो हिशेब मांडतो. दुकानासाठी प्रिंटर घेताना मात्र हीच दृष्टी पुष्कळदा बाजूला राहते. साडेचार हजारांचे यंत्र आणि साडेबारा हजारांचे यंत्र शेजारी ठेवले, की हात स्वस्त यंत्राकडे जातो. प्रिंटर हे एकदाच विकत घेण्याचे यंत्र असले, तरी शाई ही वर्षानुवर्षे घ्यावी लागणारी वस्तू आहे. म्हणून एका पानाला शाई कितीची लागते, हा त्याचा खरा भाव होय.

घरगुती व दुकानी इंकजेट प्रिंटरचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात शाईची लहान डबी, म्हणजे कार्ट्रिज असते. ती संपली की टाकून नवी बसवायची. दुसऱ्यात यंत्रालाच शाईच्या टाक्या असतात आणि त्यांत बाटलीतून शाई ओतायची. या दुसऱ्या प्रकाराचा उगम बोधप्रद आहे. इंडोनेशियात महागड्या कार्ट्रिजला कंटाळलेल्या ग्राहकांसाठी स्थानिक कारागीर प्रिंटरला बाहेरून टाक्या व नळ्या जोडून देत असत. ते पाहून एप्सन कंपनीने 2010 साली त्याच देशात स्वतःचा टाकीचा प्रिंटर बाजारात आणला.

आता उदाहरण घेऊ. आखाडा बाळापूर येथील एखाद्या आडत दुकानात बिले, पट्ट्या, ई-वे बिले व खातेउतारे मिळून दिवसाला पंधरा पाने छापली जातात असे समजा. महिन्याचे पंचवीस दिवस धरल्यास 375 पाने, म्हणजे वर्षाला 4500 पाने झाली. पुढील किमती हिशेबापुरत्या गृहीत धरल्या आहेत. वाचकांनी त्या जागी आपल्या दुकानदाराचा भाव घालावा.

कार्ट्रिजचा प्रिंटर 4500 रुपयांना, काळे कार्ट्रिज 800 रुपयांना आणि त्यातून निघणारी पाने 200. आठशेला दोनशेने भागले, म्हणजे पानाला चार रुपये. टाकीचा प्रिंटर 12500 रुपयांना, काळ्या शाईची 65 मिलिलिटरची बाटली 400 रुपयांना आणि तिच्यातून निघणारी पाने 4500. पानाला सुमारे नऊ पैसे. कागदाचा खर्च दोन्हीकडे सारखाच असल्याने तो येथे वगळला आहे.

वर्षाच्या 4500 पानांना कार्ट्रिजची शाई 18000 रुपयांची लागते, तर बाटलीची 400 रुपयांची. यंत्राच्या किमतीत 8000 रुपयांचा फरक आहे आणि प्रत्येक पानामागे सुमारे 3 रुपये 91 पैसे वाचतात. आठ हजारांना या बचतीने भागले असता सुमारे 2050 पाने येतात. तेवढी पाने छापली की टाकीच्या प्रिंटरचा जादा खर्च वसूल झाला. या दुकानाला त्यासाठी साडेपाच महिने पुरतात.

परंतु हाच हिशेब उलटही फिरतो. मंदिराच्या कार्यालयात किंवा घरी महिन्याला जेमतेम वीस पाने छापली जात असतील, तर तीच 2050 पाने होण्यास साडेआठ वर्षे लागतील. तोवर यंत्र टिकेल याची खात्री कोण देणार? तेथे कार्ट्रिजचाच प्रिंटर घ्यावा, अथवा बाहेरून छापून आणावे. सारांश, आधी आपली महिन्याची पाने मोजावीत आणि मग यंत्र निवडावे. मोजण्याची सोपी रीत अशी की पाचशे कागदांचे रीम उघडताना त्यावर तारीख लिहावी व ते किती दिवस पुरले ते पाहावे.

वेष्टनावर लिहिलेला पानांचा आकडा कोठून येतो, हेही जाणून घ्यावे. त्यासाठी आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे : ठरावीक नमुना-पाने सलग छापून शाई संपेपर्यंत मोजणी केली जाते. आपल्या दुकानात मात्र सकाळी दोन पाने, दुपारी एक, असे काम चालते. प्रत्येक वेळी सुरू होताना यंत्र थोडी शाई स्वतःच्या सफाईत खर्च करते. बिलावर जाड चौकट, ठळक शीर्षक व बोधचिन्ह असेल, तर शाई आणखी लागते. त्यामुळे प्रत्यक्ष पाने आकड्यापेक्षा कमी निघतात. दोन्ही प्रकारांत ती निम्मी निघाली असे धरले, तर कार्ट्रिजचे पान आठ रुपयांवर जाते आणि टाकीचे अठरा पैशांवर. म्हणजे आकडा चुकल्याचा भार कार्ट्रिजवाल्यावरच अधिक पडतो. नव्या यंत्रासोबत आलेल्या शाईवरून मात्र अंदाज बांधू नये. कित्येकदा सोबतचे कार्ट्रिज कमी भरलेले असते आणि टाकीच्या यंत्रात पहिल्या बाटलीची काही शाई नळ्या भरण्यात जाते.

टाकीच्या प्रिंटरची खरी नाजूक जागा म्हणजे त्याचे मुद्रणशीर्ष, अर्थात प्रिंट हेड. अनेक कार्ट्रिजमध्ये हे शीर्ष डबीलाच असते. डबी बदलली की शीर्षही नवे येते. टाकीच्या यंत्रात ते बहुधा कायमचे असते आणि त्याची सूक्ष्म छिद्रे शाई वाळून बुजली तर दुरुस्ती महाग पडते. पर्युषणात दुकान आठ-दहा दिवस बंद राहिले, की हा धोका संभवतो. छापलेल्या अक्षरांत आडव्या पांढऱ्या रेषा दिसू लागणे, ही त्याची पहिली खूण. अशा वेळी यंत्रातील नोझल-तपासणीचे पान काढावे, रेषा तुटक असतील तर एकदा सफाई चालवावी व पुन्हा तपासावे. दोन-तीन सफायांनी फरक न पडल्यास यंत्र काही तास स्वस्थ ठेवावे. सफाईमागून सफाई करीत राहिल्यास टाकीतील शाई भराभर उतरते आणि सफाईची शाई शोषणारा आतील बोळाही लवकर भरतो. तो भरला की यंत्र छापणेच थांबवते.

आणखी एक सवय फार उपयोगी पडते. प्रिंटर भिंतीवरील बटनाने कधीही बंद करू नये. त्याच्या स्वतःच्या बटनानेच करावा. तसे केल्यावर शीर्ष आपल्या जागी जाऊन झाकले जाते व वाळत नाही. छापत असताना वीज गेली, तर शीर्ष मध्येच उघडे राहते. म्हणून वीज परतताच प्रिंटर एकदा सुरू करून पुन्हा त्याच्या बटनाने बंद करावा. आठवड्यातून एक रंगीत पान काढले, तर रंगांची छिद्रेही वाहती राहतात.

एक मर्यादा ध्यानी असावी. टाकीतील शाई पुष्कळदा पाण्यात विरघळणारी असते. ओला हात लागला तर अक्षर पसरते. जीएसटीचे दस्तऐवज वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपावे लागतात, म्हणून अशा प्रती कोरड्या जागी ठेवाव्यात. रंगाची गरजच नसेल आणि छपाई भरपूर असेल, तर पाण्याने न पसरणाऱ्या टोनरचा लेसर प्रिंटरही याच हिशेबात घालून पाहावा : टोनरची किंमत भागिले त्याची पाने.

तेव्हा दुकानदाराला प्रथम विचारावे, शाई कितीला आणि पाने किती? यंत्राचा भाव त्यानंतर.