बर्फावर चालणारा हरकारा

माझा भाचा अकरा वर्षांचा आहे आणि मी फावल्या वेळात करत असलेल्या गेमचा तो एकमेव परीक्षक आहे. गेम अगदी साधा : खांद्यावर पिशवी टाकलेला एक हरकारा गावोगाव टपाल पोचवतो. वाटेत चपळाईचा काढा मिळतो, तो प्यायला की दहा सेकंद वेग दीडपट होतो. अशा तात्पुरत्या बळाला खेळणारी मुलं ‘बफ’ म्हणतात. भाच्याने त्याला काढा पाजला, जरा वेळ पाहिलं आणि विचारलं, “मामा, हा बर्फावर चालतोय का?”

तो म्हणत होता ते खरंच होतं. हरकारा पुढे सरकत होता जोरात, पण पाय टाकत होता आपल्या जुन्याच संथ लयीत. टेकलेला पाय जमिनीवर टिकत नव्हता, घसरत होता.

हे असं का होतं ते समजायला आधी पडद्यावरचा माणूस ‘चालतो’ म्हणजे काय होतं ते पाहू. माझा हरकारा म्हणजे आठ छोटी चित्रं. पहिल्यात उजवा पाय पुढे टेकलेला, पाचव्यात डावा, मधली चित्रं अधल्यामधल्या स्थितींची. अशा चित्राला स्प्राइट म्हणतात. ही आठ चित्रं सेकंदाला बारा या गतीने एकामागून एक दाखवली की पाय हलल्यासारखे दिसतात. पण एवढ्याने तो पुढे जात नाही, एकाच जागी पाय हलवत राहतो. पुढे नेणारं गणित वेगळंच असतं : त्याची जागा दर सेकंदाला ७२ पिक्सेल सरकवा, अशी सूचना दुसरीकडे दिलेली असते. पायांची चित्रं आणि अंगाची जागा या दोन निराळ्या यंत्रणा आहेत आणि एकीला दुसरीची खबर नसते.

जुन्या मूकपटांशी तुलना केली तर फरक नेमका कळतो. सेकंदाला सोळा चित्रांच्या गतीने टिपलेली फिल्म चोवीसच्या गतीने दाखवली की माणसं तुरुतुरु चालताना दिसतात. तीही दीडपटच. तरी त्यांचे पाय घसरत नाहीत, कारण पाय आणि अंग एकाच चित्रात टिपलेले असतात, वाढायचं ते दोन्हीचं मिळून वाढतं. गेममध्ये मात्र काढ्याने फक्त अंगाचा वेग वाढवला, पायांना कुणी सांगितलंच नाही.

मी गेम थांबवून एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहिलं. घसरण ओळखायची ही सर्वांत खात्रीची रीत आहे. टेकलेल्या पायाच्या टाचेखाली जमिनीवर एक खूण करायची आणि पाय उचलेपर्यंत टाच त्या खुणेवर राहते का ते पाहायचं. माझ्या आठ चित्रांच्या फेऱ्यात हरकारा ४८ पिक्सेल जातो, म्हणजे चित्रामागे सहा. चित्रात टेकलेला पाय तेवढाच, सहा पिक्सेल, मागे काढलेला आहे. अंग सहा पुढे, पाय सहा मागे, म्हणून टाच जमिनीवर स्थिर दिसते. काढा प्यायल्यावर वेग झाला १०८. आता एका चित्राच्या काळात अंग नऊ पिक्सेल पुढे जातं, पाय मात्र सहाच मागे येतो. उरलेले तीन पिक्सेल म्हणजे घसरण. पाय चार चित्रं टेकलेला असतो, म्हणजे पावलामागे बारा पिक्सेल. हरकाऱ्याची उंचीच ४८ आहे, तेव्हा प्रत्येक पावलाला पाव उंचीइतका घसरणारा माणूस अकरा वर्षांच्या डोळ्यांतून सुटणार कसा!

उपाय उघड वाटतो : वेग दीडपट तर चित्रंही दीडपट गतीने. मी वापरतो त्या गोडो या इंजिनात त्यासाठी `speed_scale` नावाचा गुणक तयारच आहे. तो १ असेल तर नेहमीची गती, १.५ केला की सेकंदाला बाराऐवजी अठरा चित्रं. मी काढा पिताना त्याला दीडने गुणलं, काढा उतरताना दीडने भागलं, आणि हात झटकले.

दुसऱ्या रविवारी नवी तक्रार आली. आता काढा उतरल्यावरही हरकारा पायाने चक्की चालवल्यासारखा तुरुतुरु करत होता आणि पुढे जात होता बैलगाडीच्या वेगाने. भाच्याने काय केलं होतं? पहिला काढा उतरायच्या आत दुसरा पाजला होता. वेगाचा हिशेब मी नीट ठेवला होता, दुसऱ्या काढ्याने फक्त मुदत वाढत होती. पायांचा गुणक मात्र दोनदा गुणला गेला आणि मुदत संपल्यावर एकदाच भागला गेला. दीड त्याला कायमचा चिकटला. त्यातून दुसरी गंमत अशी की काठी मारण्याची चित्रंही त्याच गुणकावर चालत होती. अर्ध्या सेकंदाचा फटका तिसऱ्या भागात होऊ लागला, सेकंदाला दोनऐवजी तीन फटके. चपळाईच्या काढ्याने ताकदच वाढवली आणि भाच्याने याबद्दल एका शब्दाने तक्रार केली नव्हती.

गुणा-भागाचा हा प्रकार मुळातच कच्चा आहे असं माझं मत झालं. सुरुवातीला गुणलेलं शेवटी तितक्याच वेळा भागलं जाईल यावर त्याची सगळी भिस्त. मध्ये हरकारा मेला, गाव बदललं, दुसरा काढा आला की हिशेब चुकलाच. त्याऐवजी सध्या कोणकोणते परिणाम चालू आहेत त्याची यादी ठेवावी आणि यादी बदलली की गुणक एकपासून नव्याने काढावा :

```
var effects = {}
var move_mult = 1.0

func update_mult():
    move_mult = 1.0
    for f in effects.values():
        move_mult *= f
```

काढ्याची नोंद एका नावाखाली होते. दोनदा प्यायला तरी त्याच ओळीवर पुन्हा १.५ लिहिलं जातं. चिखलात शिरला तर चिखलाचे ०.५ वेगळ्या ओळीवर, दोन्ही मिळून ०.७५. परिणाम संपला की ओळ खोडायची, बस.

मग पायांना हाच गुणक द्यायचा का? मी दिला आणि भाच्याने हरकाऱ्याला भिंतीला टेकवून पुढची कळ दाबून धरली. गुणक १.५, वेग शून्य. भिंतीशी झटापट करणारा माणूस. तेव्हा लक्षात आलं की काढ्याने वेग किती व्हायला हवा होता हे पायांच्या काही कामाचं नाही. प्रत्यक्षात अंग किती सरकलं हे त्यांना हवं. म्हणून गुणक वेगाला लावला आणि पायांना प्रत्यक्ष वेगाशी बांधलं :

```
velocity = direction * 72.0 * move_mult
move_and_slide()
if sprite.animation == "walk":
    sprite.speed_scale = get_real_velocity().length() / 72.0
else:
    sprite.speed_scale = 1.0
```

`get_real_velocity()` हे भिंत-दगड लक्षात घेऊन खरोखर झालेला वेग सांगतं. शेवटच्या दोन ओळींमुळे काठीचा फटका पुन्हा आपल्या गतीवर आला. फक्त वेग शून्य झाला की चालण्याऐवजी उभं राहण्याची चित्रं लावावी लागतात, नाहीतर एक पाय हवेत असतानाच हरकाऱ्याचा पुतळा होतो.

इथे एक खड्डा आहे आणि त्यात मी पडलो. चित्रं सुरू करणाऱ्या `play("walk", 1.5)` या आज्ञेतही गती देता येते आणि ती `speed_scale` शी गुणली जाते. जुन्या प्रयत्नातली ती आज्ञा एका कोपऱ्यात राहून गेली होती. दीड गुणिले दीड, सव्वादोन. पाय जरुरीपेक्षा बरोब्बर वर्गाच्या पटीत धावताना दिसले, तर समजावं की एकच गुणक दोन दारांनी आत आला आहे. युनिटी वापरणाऱ्यांच्या वाट्याला उलटा खड्डा येतो. तिथे ॲनिमेशनच्या गतीला गुणक जोडायचा तर त्यासाठी बनवलेल्या दशांश आकड्याची सुरुवातीची किंमत शून्य असते. ती १ करायची राहिली की पात्र गोठून उभं, आणि माणूस चित्रांमध्ये दोष शोधत बसतो.

पाय वेगाशी बांधायची युक्ती जुनीच आहे. १९८५च्या सुपर मारिओ ब्रदर्समध्ये मारिओच्या वेगाप्रमाणे पायांची लय तीन टप्प्यांत बदलते. तीनच टप्पे, पण तेवढ्यावर डोळा फसतो.

तरीही गुणकाला ओढून ओढून किती ओढणार? तीनपटीच्या काढ्यावर माझा हरकारा सेकंदाला छत्तीस चित्रांनी चालू लागला. हिशेबाने टाच खुणेवर अचूक, पण दिसायला शिवणयंत्राची सुई. खरा माणूस वेग वाढवताना नुसती पावलं भरभर टाकत नाही, टांगही लांब टाकतो आणि साधारण ताशी सात किलोमीटरच्या पुढे चालणं सोडून पळायलाच लागतो. म्हणून पळण्याची वेगळी आठ चित्रं काढली. त्यांच्या एका फेऱ्यात हरकारा ९६ पिक्सेल जातो, म्हणजे त्यांचा स्वाभाविक वेग सेकंदाला १४४. आता भागायचं ते ७२ने नव्हे, जी चित्रं चालू असतील त्यांच्या स्वाभाविक वेगाने. हा आकडा प्रत्येक ॲनिमेशनबरोबर लिहून ठेवायचा असतो, चित्रकाराने चित्र काढतानाच ठेवला तर फारच चांगलं. वेग ११५च्या वर गेला की पळणं सुरू होतं आणि १००च्या खाली आला की पुन्हा चालणं. दोन्हीला एकच आकडा ठेवला होता तेव्हा हरकारा त्या सीमेवर क्षणात चाले, क्षणात पळे.

मागच्या आठवड्यात भाच्याने पुन्हा काढा पाजला. टाचेखालची खूण मी मुद्दाम पडद्यावर ठेवली होती, टाच तिच्यावरून हलली नाही. त्याने ते पाहिलं, मान डोलावली आणि म्हणाला, “पण मामा, पावलांचा आवाज तर अजून चालतानाचाच येतोय.” आवाज मी दर ०.३३ सेकंदाला घड्याळ लावून वाजवत होतो. आता तो पाय टेकल्याच्या पहिल्या आणि पाचव्या चित्रावर वाजतो.