आपलाच आवाज परत येतो तेव्हा

आमच्या सोसायटीच्या गेटवरच्या कॅमेऱ्यातून सेक्रेटरीकाका मोबाइलवर वॉचमनशी बोलायचे. "कोण आलंय?" असं विचारलं की सेकंदाभरात त्यांचाच "कोण आलंय?" फोनमधून परत यायचा. फोन खराब असावा म्हणून त्यांनी दुसरा घेऊन पाहिला. फरक पडला नाही. वॉचमनला मात्र सगळं स्वच्छ ऐकू येत होतं.

खरी खूण तीच होती. प्रतिध्वनी ज्याला ऐकू येतो, त्याच्याकडे सहसा बिघाड नसतो. तो समोरच्या टोकाला असतो. हवेतून आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, म्हणजे दोन मीटरवरच्या भिंतीवर आपटून तो डोळ्याचं पातं लवायच्या आत परततो. इथे पूर्ण सेकंद लागत होता. म्हणजे काकांचा आवाज इंटरनेटवरून गेटपर्यंत जाऊन, तिथल्या माइकमध्ये शिरून परत येत होता. खात्री करायला कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये स्पीकरचा आवाज शून्यावर आणला. प्रतिध्वनी थांबला. तो तसाच राहिला असता, तर वायरिंग तपासावं लागलं असतं.

रस्त्याच्या गोंगाटात कॅमेऱ्याचा चिमुकला स्पीकर ऐकू येईना, म्हणून इलेक्ट्रिशियनने बाहेरचा स्पीकर जोडून कॅमेऱ्याखाली वीतभर अंतरावर ठोकला होता आणि आवाज 100 वर ठेवला होता. इको कॅन्सलेशन चालू होतं, पण त्याचा उपयोग होत नव्हता. स्पीकरला काय पाठवलं हे कॅमेऱ्याला ठाऊक असतं आणि तेवढंच तो माइकच्या आवाजातून वजा करतो. पूर्ण आवाजावर स्पीकर फाटका वाजतो, आणि ती खरखर मूळ आवाजात नसल्यामुळे वजा होत नाही. ब्लूटूथ स्पीकर लावला तर आवाज उशिरा पोचतो आणि वजाबाकीचा मेळ बसणं कठीण होतं.

आम्ही स्पीकर दोन मीटर लांब, खांबाच्या पलीकडे, रस्त्याकडे तोंड करून लावला. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो. वीतभरावरून दोन मीटर म्हणजे तीनदा दुप्पट, जवळपास 18 डेसिबल. फरशा लावलेल्या बंद केबिनमध्ये एवढा लाभ मिळत नाही, कारण भिंती आवाज परत फेकतात. मग स्पीकर 60 वर आणला आणि माइकची संवेदनशीलता थोडी कमी केली. ती फार कमी केली, तर वॉचमनच ऐकू येत नाही.

हे करताना एक गोंधळ झाला. कॅमेऱ्याखाली उभं राहून फोनवर तपासताना आवाज चढत चढत किंचाळीपर्यंत गेला. फोनचा स्पीकर कॅमेऱ्याचा माइक ऐकवतो, माइक तो आवाज पुन्हा उचलतो, आणि चक्र फिरत राहतं. तिथे सेटिंग शोधत बसू नये. घरी जाऊन किंवा निदान इअरफोन लावून तपासावं.

थोडा प्रतिध्वनी तरीही उरला होता. शेवटी आळीपाळीने बोलण्याची सोय निवडली: बटण दाबलं की कॅमेऱ्याचा माइक बंद. वॉचमनला आता मध्येच बोलता येत नाही, म्हणून काका प्रश्न संपला की "बोल" म्हणतात आणि अंगठा उचलतात.