लोभ असावा : जपानी शिष्टाचाराचे मराठी रूप

लोणावळ्याच्या बाजारपेठेत ज्याचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या व्यापार करीत आले, असा एखादा तरुण आज सकाळची लोकल धरून तळेगावला उतरतो आणि मावळातील औद्योगिक वसाहतीत एखाद्या जपानी कंपनीच्या हिशेब विभागात रुजू होतो, असे समजा. त्याच्या स्वागतासाठी सहकारी एक चिठ्ठी लिहू पाहतात. कचेरीत दिवसभर कानी पडणारी चार जपानी वाक्ये तीत मराठीतून समजावून द्यावयाची आहेत. काम सोपे वाटते, पण पहिल्याच शब्दाशी लेखणी अडते.

तो शब्द म्हणजे ‘ओत्सुकारेसामा’. ‘त्सुकारे’ म्हणजे थकवा. मागे-पुढे आदराची उपपदे आहेत. शब्दशः ‘दमलात’ असे लिहिले, तर मराठी माणसाला त्यात कीव किंवा आपल्या कुवतीविषयी शंका ऐकू येईल. ‘धन्यवाद’ लिहिले, तर श्रमाचा उल्लेखच नाहीसा होतो. जपानी माणूस हा शब्द काम संपल्यावर म्हणतोच, शिवाय भर दुपारी जिन्यात भेटलेल्या सहकाऱ्यालाही म्हणतो. म्हणून ‘आपण श्रम घेतलेत’ हे रूप त्यातल्या त्यात जवळचे. याच अर्थाचा दुसरा शब्द ‘गोकुरोसामा’ मात्र जपून वापरावा. तो वरिष्ठाने कनिष्ठास म्हणावयाचा असतो. नवख्याने तो साहेबांना ऐकवणे म्हणजे नातवाने आजोबांना ‘शाब्बास’ म्हणण्यासारखे आहे. साहेब बहुधा काही बोलणार नाहीत; त्यामुळे चूक झाल्याचे कळणारही नाही, आणि म्हणूनच ती आधी सांगून ठेवावी लागते.

सायंकाळी इतरांच्या आधी निघणारा म्हणतो, ‘ओसाकी नि शित्सुरेइ शिमास’. म्हणजे ‘आपल्याआधी निघण्याचा अविनय करतो’. मागे राहिलेले उत्तर देतात, ‘ओत्सुकारेसामा देश्ता’. आपल्याकडेही घरातून निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतात. तेथे अशुभ टाळावयाचे असते, येथे सहकाऱ्यांना कामात सोडून जाण्याचा संकोच असतो. म्हणून नुसते ‘येतो’ पुरत नाही. ‘आपल्याआधी निघतो, क्षमा असावी’ असे लिहावे लागते.

भोजनाच्या वेळी मात्र मराठी कमी पडत नाही. ‘इतादाकिमास’ याचा अर्थ ‘जेवायला सुरुवात करू या’ असा सांगितला जातो, तो अपुरा आहे. मूळ क्रियापदाचा अर्थ मिळालेली वस्तू मस्तकाच्या वर धरणे असा होता. त्यातूनच ‘नम्रपणे स्वीकारणे’ हा अर्थ आला. प्रसाद कपाळाला लावून घेणाऱ्यास हे समजावून सांगावे लागत नाही. ‘हे अन्न शिरोधार्य’ असे लिहिले की भाव पोचतो. जेवणानंतरचे ‘गोचिसोसामा देश्ता’ वेगळे आहे. ‘चिसो’ म्हणजे मूळ धावपळ, पाहुण्यासाठी अन्न जमवताना यजमानाने केलेली. तेथे आपले ‘अन्नदाता सुखी भव’ चपखल बसते. अनेकदा हेच वचन ‘इतादाकिमास’साठी योजले जाते, पण त्यामुळे आरंभ आणि शेवट यांची अदलाबदल होते. आणखी एक गोष्ट: नम्रपणे स्वीकारणे म्हणजे काहीही खाणे नव्हे. जपानी सूपचा आधार बहुधा वाळवलेल्या माशाचा अर्क असतो. वर तो दिसत नाही. तेव्हा जैन तरुणाने हे वाक्य म्हणण्याआधीच चौकशी करावी आणि सूर्यास्तानंतरच्या भोजनाचा आपला नियम पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवावा.

शेवटचे वाक्य सर्वांत अवघड मानले जाते: ‘योरोशिकु ओनेगाइ शिमास’. नवी ओळख झाल्यावर, काम सोपवताना आणि पत्राच्या अखेरीस ते येते. ‘योरोशिकु’ म्हणजे चांगल्या प्रकारे, ‘ओनेगाइ’ म्हणजे विनंती. ‘भेटून आनंद झाला’ हा नेहमीचा अनुवाद येथे फसतो, कारण मूळ वाक्य मागच्या भेटीविषयी नसून पुढच्या संबंधाविषयी आहे. त्याचा मराठी जोड जुन्या मराठी पत्रव्यवहारात सापडतो: ‘लोभ असावा, ही विनंती’. अखेर चिठ्ठी अशी तयार होते:

‘आपले स्वागत असो. येथे भेटणारा प्रत्येक जण आपल्याला “ओत्सुकारेसामा” म्हणेल. आपण श्रम घेतलेत, याची ती पोच आहे. आपणही तसेच म्हणावे. आधी निघताना क्षमा मागून निघावे. पानावर बसताना अन्न शिरोधार्य मानावे, उठताना अन्नदात्याचे सुख चिंतावे. आपले आहाराचे नियम निःसंकोच सांगावेत. आम्ही ते सांभाळू. लोभ असावा, ही विनंती.’