दुर्बिणीला न दिसणारी सूज

१९७६ साली स्वीडनमधल्या माल्मो शहरात सी. जी. लिंडस्ट्रॉम या पॅथॉलॉजिस्टनी एका स्त्रीच्या गुदाशयाच्या अस्तराचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. तिला बरेच दिवस पाण्यासारखे जुलाब होत होते. अस्तराच्या वरच्या पेशींखाली त्यांना कोलॅजेनचा जाडसर पट्टा आढळला. एरवी तिथे अगदी बारीक रेषा असते. पुढे १९८० मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अशाच काही रुग्णांचं वर्णन करताना या आजाराला ‘मायक्रोस्कोपिक कोलायटिस’ म्हटलं. मोठ्या आतड्याची ही सूज खरी असते, पण ती डोळ्यांना दिसत नाही.

कोलोनोस्कोपीत डॉक्टर पडद्यावर आतड्याचं अस्तर पाहतात. व्रण, गाठी, रक्तस्राव, पॉलिप अशा गोष्टी त्यात दिसतात. या आजारात मात्र अस्तर गुलाबी, ओलसर आणि बहुतेक वेळा अगदी निरोगी दिसतं. ‘नॉर्मल स्टडी’ असा अहवाल मिळतो आणि घरचे निर्धास्त होतात, पण जुलाब थांबत नाहीत. मग ‘टेन्शनमुळे होतंय’ किंवा ‘आयबीएस आहे’ असं सांगितलं जातं. या टप्प्यावर अनेकांची वर्षं वाया जातात.

आयबीएस आणि हा आजार यांची गल्लत होते हे खरं, पण नीट विचारलं तर फरक कळतो. आयबीएस बहुधा तरुण वयात सुरू होतो, त्यात पोटात कळ येते आणि कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ असं चालतं. मायक्रोस्कोपिक कोलायटिस बहुतेकदा पन्नाशी-साठीनंतर होतो आणि स्त्रियांमध्ये जास्त आढळतो. दिवसातून पाच-सात वेळा निव्वळ पाणी जातं, पण रक्त पडत नाही. रात्री झोपेतून उठून जावं लागतं. घाई इतकी असते की कधी कधी कपडे खराब होतात. हे शेवटचं लक्षण रुग्ण सहसा आपणहून सांगत नाहीत. एस.टी.च्या प्रवासाला किंवा लग्नकार्याला जाणं त्यांनी केव्हाच सोडलेलं असतं, पण डॉक्टरांपुढे ते फक्त ‘पोट बिघडतं’ एवढंच म्हणतात.

जुलाब का होतात, याचं उत्तर मोठ्या आतड्याच्या मुख्य कामात आहे. लहान आतड्यातून रोज साधारण दीड लिटर पाणी मोठ्या आतड्यात येतं आणि त्यातलं बहुतेक सगळं ते परत शोषून घेतं. अस्तराला सूज आली की मीठ शोषण्याची क्रिया मंदावते, आणि मिठामागून जाणारं पाणी आतड्यातच राहतं.

निदानाचा रस्ता एकच आहे: बायोप्सी. कोलोनोस्कोपी चालू असतानाच चिमट्याने अस्तराचे कण काढायचे, अस्तर कितीही चांगलं दिसत असलं तरी. हे कण मोठ्या आतड्याच्या उजव्या आणि डाव्या, दोन्ही भागांतून घेतात आणि फॉर्मलिनच्या वेगवेगळ्या बाटल्यांत ठेवतात. फक्त गुदाशयातले कण घेतले तर निदान हुकू शकतं, कारण तिथलं अस्तर काही रुग्णांत जवळपास ठीक असतं. पॅथॉलॉजिस्ट दोन गोष्टी मोजतात. वरच्या १०० पेशींमागे २० पेक्षा जास्त लिम्फोसाइट शिरलेल्या असतील तर तो लिम्फोसाइटिक प्रकार. कोलॅजेनचा पट्टा १० मायक्रॉनहून जाड असेल तर तो कोलॅजिनस प्रकार. दोन्हींवरचे उपचार जवळजवळ सारखेच आहेत. म्हणूनच तपासणीला जाण्यापूर्वी ‘अस्तर नॉर्मल दिसलं तरी बायोप्सी घेणार का?’ हा प्रश्न विचारून ठेवणं फार उपयोगाचं आहे.

औषधांचा संबंध कसा तपासायचा, ते एका उदाहरणातून पाहू. हे काल्पनिक आहे, पण त्यातला प्रत्येक तपशील नेहमी आढळणारा आहे. चौसष्ट वर्षांच्या एक निवृत्त शिक्षिका, गुडघे दुखतात. त्या रोज एक कॅप्सूल घेतात. पाकिटावर एकच नाव असल्याने ते एकच औषध आहे, असं त्यांना वाटतं. मागचा बारीक मजकूर वाचला तर कळतं की त्यात वेदनाशामक ॲसिक्लोफिनॅक आणि ॲसिडिटीचं रॅबेप्राझोल, अशी दोन औषधं आहेत. पतीच्या निधनानंतर झोप लागेना, म्हणून सर्ट्रालीनही सुरू झालं. दोनएक महिन्यांत जुलाब सुरू झाले. या गोळ्यांपैकी एकही आतड्यासाठी नाही, म्हणून पोटाच्या डॉक्टरांना त्यांनी त्याबद्दल काही सांगितलंच नाही.

संशयितांच्या यादीत नेमकी हीच औषधं वरच्या क्रमांकावर आहेत. त्यात वेदनाशामक गोळ्या येतात, ‘प्राझोल’ने शेवट होणाऱ्या ॲसिडिटीच्या गोळ्या येतात (त्यातही लॅन्सोप्राझोलचं नाव सर्वांत जास्त घेतलं जातं) आणि सर्ट्रालीनसारखी नैराश्यावरची औषधं येतात. मधुमेहातलं अकार्बोज आणि कर्करोगावरची काही नवी इम्युनोथेरपीही यादीत आहेत. ब्रिटनमधल्या रुग्णनोंदींच्या एका अभ्यासात वेदनाशामक आणि ॲसिडिटीची गोळी एकत्र घेणाऱ्यांत हा आजार आणखी जास्त आढळला. आपल्याकडे तर ही जोडी एकाच कॅप्सूलमध्ये मिळते. धूम्रपान हेही एक कारण मानलं जातं.

पण इथे घाई करू नये. संबंध आढळणं म्हणजे कारण सिद्ध होणं नव्हे. ज्याला अनेक आजार आहेत तो जास्त औषधं घेतो, डॉक्टरकडे जास्त वेळा जातो आणि त्याची कोलोनोस्कोपीही लवकर होते. कधी कधी आजाराच्या पहिल्या तक्रारींसाठीच ॲसिडिटीची गोळी दिली जाते आणि नंतर दोष त्या गोळीवर येतो. म्हणून तारखा महत्त्वाच्या. गोळी आधी सुरू झाली की जुलाब आधी? बंद केल्यावर काही आठवड्यांत फरक पडला का? शिक्षिकेच्या बाबतीत कॅप्सूल थांबवून पॅरासिटामॉल आणि फिजिओथेरपी सुरू करणं सोपं आहे. सर्ट्रालीनचं तसं नाही. ते एकदम सोडलं तर चक्कर, बेचैनी आणि उदासी उलटू शकते, म्हणून मानसोपचारतज्ज्ञाच्या सल्ल्याने ते हळूहळू कमी करायचं किंवा बदलायचं. अँजिओप्लास्टी झालेल्याने किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्याने तर पोटाच्या संरक्षणासाठी दिलेली ‘प्राझोल’ आपल्या मनाने थांबवूच नये.

औषध बदलूनही जुलाब थांबले नाहीत, तर मुख्य इलाज म्हणजे बुडेसोनाइड. हे स्टेरॉइडच आहे, पण शरीरभर फिरण्याआधी यकृत त्याचा बराचसा भाग निष्प्रभ करतं. रोज ९ मिलिग्रॅम, सहा ते आठ आठवडे घेतल्यावर बहुतेक रुग्णांचे जुलाब थांबतात, काहींचे पहिल्या दोन आठवड्यांतच. अडचण नंतरची आहे: औषध बंद केल्यावर अर्ध्याहून जास्त रुग्णांना पुन्हा त्रास होतो. तेव्हा ते पुन्हा सुरू करून, चालेल तेवढ्या कमीत कमी मात्रेवर ठेवतात, आणि दीर्घकाळ लागलं तर हाडांची घनता तपासतात. त्रास सौम्य असेल तर लोपरामाइडवरही भागतं. उपचार लागू पडले नाहीत तर गव्हाची ॲलर्जी म्हणून ओळखला जाणारा सीलिअॅक आजार रक्ततपासणीने आणि पित्तक्षारांमुळे होणारे जुलाब कोलेस्टिरामिन देऊन पाहिले जातात, कारण हे दोन्ही या आजाराच्या जोडीने असू शकतात. या सुजेमुळे आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढत नाही, त्यामुळे केवळ तेवढ्यासाठी दर वर्षी कोलोनोस्कोपी करून घेण्याची गरज पडत नाही.