डॉलर आले, पण शिपिंग बिल मिटलं नाही

कोल्हापूरजवळच्या एका फाउंड्रीत हिशेब सांभाळणाऱ्या ताईंनी बँकेचं पत्र माझ्यापुढे ठेवलं. निर्यातीच्या एका शिपिंग बिलावर 14,125 डॉलर अजून यायचे आहेत, खुलासा करा, असं त्यात होतं. ताई वैतागल्या होत्या. "साहेब, हॅम्बुर्गच्या पार्टीनं पै न् पै दिलीय. हे बघा, खात्यावर शिल्लक शून्य. मग बँक कसले पैसे मागते?"

ईआरपीच्या स्क्रीनवर पार्टीच्या नावापुढे खरंच शून्य रुपये दिसत होते. बँकेचं पत्रही चुकीचं नव्हतं. हा गुंता सोडवायला आम्हाला थेट पहिल्या कागदापर्यंत मागं जावं लागलं. त्या वाटेनं तुम्हालाही नेतो, कारण निर्यातीची विक्री देशातल्या विक्रीपेक्षा कुठे वेगळी आहे, ते त्याच वाटेवर कळतं. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत.

ईआरपी म्हणजे ऑर्डर, साठा, बिल आणि हिशेब एकाच ठिकाणी बांधून ठेवणारं सॉफ्टवेअर. पुण्याच्या गिऱ्हाइकाला माल पाठवला तर त्यात बिल होतं, पैसे जमा होतात, विषय संपतो. परदेशी जाणाऱ्या मालाची नोंद मात्र आपल्या ईआरपीत, कस्टम्सकडे, जहाज कंपनीकडे आणि बँकेत अशी चार ठिकाणी होते. या चौघांना जोडणारे धागे आपल्यालाच बांधावे लागतात.

व्यवहार असा होता. पंपाची 6,000 मशीन केलेली ओतीव आवरणं, नगाला साडेसात डॉलर, म्हणजे 45,000 डॉलरचा माल. अट सीआयएफ हॅम्बुर्ग. जहाजाचं भाडं 1,900 डॉलर आणि विमा 100 डॉलर धरून एकूण 47,000. तीस टक्के आगाऊ, उरलेले माल जहाजावर चढल्याची कागदपत्रं दाखवल्यावर.

हे सगळं ज्या कागदावर प्रथम लिहिलं जातं, तो प्रोफॉर्मा इन्व्हॉइस. नावात इन्व्हॉइस असलं तरी ते बिल नव्हे, पक्का भाव सांगणारं पत्र आहे. काय माल, कोणत्या चलनात, कोणत्या अटीवर, किती दिवसांत आणि पैसे कुठल्या बँक खात्यात, एवढं ते सांगतं. त्यानं विक्री होत नाही आणि खातेवहीत काही चढत नाही. म्हणून ईआरपीत तो कोटेशन किंवा सेल्स ऑर्डरवरूनच छापायचा. काही कारखान्यांत मात्र घाईत सरळ विक्रीचं बिल करून त्यालाच प्रोफॉर्मा म्हणून पाठवतात. मग माल साच्यातून निघायच्या आधीच विक्री वाढलेली दिसते आणि जीएसटीच्या विवरणात न झालेली निर्यात जाऊन बसते.

प्रोफॉर्मावरच्या 'सीआयएफ हॅम्बुर्ग' या दोन शब्दांत बरंच काही ठरून जातं. या अटी पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय व्यापार मंडळानं ठरवलेल्या आहेत. 1936 साली त्या पहिल्यांदा निघाल्या, आणि 2020 च्या आवृत्तीत अशा अकरा अटी आहेत. एफओबीमध्ये माल आपल्या बंदरात जहाजावर चढेपर्यंतचा खर्च आपला, पुढचा घेणाऱ्याचा. सीआयएफमध्ये हॅम्बुर्गपर्यंतचं भाडं आणि विमाही आपणच भरायचा. इथं बहुतेकांची एक गल्लत होते. सीआयएफमध्ये आपण भाडं हॅम्बुर्गपर्यंत भरतो, म्हणून जोखीमही तिथपर्यंत आपली, असं वाटतं. तसं नाही. दोन्ही अटींत माल न्हावा शेवाला जहाजावर चढला की जोखीम घेणाऱ्याकडे जाते. विमा आपण काढतो तो त्याच्यासाठी, आणि तो बिलाच्या किमान 110 टक्के रकमेचा काढायचा असतो.

ईआरपीत याचा अर्थ एवढाच, की मालाची किंमत, भाडं आणि विमा या तीन वेगळ्या ओळी ठेवायच्या. या फाउंड्रीत नगाचा भाव वाढवून 47,000 ची एकच ओळ टाकली होती. कस्टम्सच्या शिपिंग बिलावर मात्र एफओबी किंमत 45,000 होती. करपरताव्याची रोडटेप योजना याच एफओबी किमतीवर चालते. त्यामुळे वर्षअखेरीला विक्रीचा आकडा आणि सरकारी आकडा जुळेना, आणि दोन हजार डॉलर कुठे गेले याचा शोध सुरू झाला.

माल निघायच्या दिवशी कागदांची गर्दी होते. कमर्शियल इन्व्हॉइस, कोणत्या पेटीत किती नग नि किती वजन हे सांगणारी पॅकिंग लिस्ट, माल भारतातला असल्याचा दाखला, विम्याची पॉलिसी. कस्टम्स एजंट यातल्या माहितीवरून शिपिंग बिल दाखल करतो, आणि जहाज कंपनी माल चढल्यावर बिल ऑफ लेडिंग देते. यातला सगळ्यात मोलाचा कागद हाच. मूळ प्रत ज्याच्या हाती, त्यालाच हॅम्बुर्गला माल सोडवता येतो. म्हणून पैशाची खात्री होईपर्यंत मूळ प्रती आपल्याकडे किंवा बँकेकडे ठेवतात.

चूक होते ती कागद पुन्हा टाइप केल्यानं. पॅकिंग लिस्ट एक्सेलमध्ये वेगळी बनवली, की तिचं वजन आणि बिल ऑफ लेडिंगवरचं वजन यांत वीस किलोंचा फरक पडतो, आणि लेटर ऑफ क्रेडिट असेल तर घेणाऱ्याची बँक तेवढ्यावर पैसे अडवू शकते. बिलाच्या नंबरचंही तेच. ईआरपीत `EXP/25-26/014` असं असेल तर शिपिंग बिलावरही अगदी तसंच हवं. आयजीएसटी भरून निर्यात केली असेल आणि एजंटानं नुसतं `014` टाकलं, तर कस्टम्सची प्रणाली `SB005` ही खूण लावून परतावा थांबवते. कागद छापायचे ते सगळे एकाच नोंदीतून, हा यावरचा उपाय. आणि शिपिंग बिलाचा नंबर, तारीख नि बंदराचा कोड, न्हावा शेवासाठी `INNSA1`, हाती आला की त्याच दिवशी ईआरपीतल्या बिलावर चढवायचा.

तारखांचा एक प्रश्न मार्चमध्ये हटकून येतो. ट्रक 28 मार्चला कोल्हापुरातून निघाला, आणि माल जहाजावर चढला 3 एप्रिलला. जीएसटीसाठी बिल माल निघण्याआधी करावंच लागतं, म्हणून ईआरपी विक्री मार्चमध्ये दाखवतं. पण सीआयएफ अटीनुसार मालाची जोखीम एप्रिलमध्ये गेली. मग हिशेबाच्या दृष्टीनं ती विक्री पुढच्या वर्षाची, आणि 31 मार्चला माल आपल्याच साठ्यात दिसायला हवा. यासाठी ईआरपीत 'बंदराच्या वाटेवर' असं एक गोदाम उघडायचं. ट्रक निघाला की माल तिथं जातो, आणि बिल ऑफ लेडिंगची तारीख पडली की तिथून कमी होतो. हे एक गोदाम उघडल्यानं ऑडिटच्या वेळची दोन दिवसांची वादावादी वाचलेली मी पाहिली आहे.

आता ताईंच्या 14,125 डॉलरकडे येऊ.

आगाऊ रक्कम 14,100 डॉलर चार महिन्यांपूर्वी आली होती. ती पाठवताना पार्टीनं प्रोफॉर्माचा नंबर टाकला होता, कारण बिल तेव्हा जन्मालाच आलं नव्हतं. बँकेनं ती 'निर्यातीपोटी आगाऊ' म्हणून नोंदवली. पुढे कस्टम्सकडून शिपिंग बिलाची माहिती रिझर्व्ह बँकेच्या ईडीपीएमएस या प्रणालीत गेली आणि तिथून आपल्या बँकेत आली. 2014 पासून प्रत्येक शिपिंग बिलाचा माग अशा रीतीनं ठेवला जातो. पण ती आगाऊ रक्कम याच शिपिंग बिलाची, हे बँकेला आपण सांगितल्याशिवाय कळणार कसं? फाउंड्रीनं ते कळवलंच नव्हतं. ईआरपीत आगाऊ रक्कम बिलाशी जुळवली होती, बँकेत ती सुटीच पडून होती.

राहिले 25 डॉलर. उरलेल्या 32,900 पैकी 32,875 च पोचले होते. पैसे पाठवताना मधे असलेल्या एका परदेशी बँकेनं आपली फी परस्पर कापून घेतली होती. बिलाच्या दिवशी डॉलर 85 रुपयांना होता, म्हणून ईआरपीत येणं 27,96,500 रुपये लिहिलं होतं. पैसे आले त्या दिवशी बँकेनं 85.40 चा दर दिला आणि 28,07,525 रुपये जमा केले. ताईंनी वरचे 11,025 रुपये एकरकमी `Exchange Gain/Loss` खात्यात टाकले आणि पार्टीचं खातं मिटवलं. रुपयांत सगळं जुळलं. खरं तर डॉलरचा दर वाढल्यानं 13,150 रुपयांचा नफा झाला होता आणि 25 डॉलरच्या फीमुळे 2,125 रुपयांचा खर्च. नफ्यानं खर्च झाकला गेला, आणि तुटीचे 25 डॉलर रुपयांच्या स्क्रीनवर कुणाला दिसलेच नाहीत.

म्हणून निर्यातीच्या पार्टीचं खातं ईआरपीत डॉलरमध्येच उघडावं आणि आधी डॉलरची शिल्लक बघावी, असं मी प्रत्येक ठिकाणी हट्टानं सांगतो. पावतीची नोंद करताना आलेले डॉलर, कापलेली फी आणि दराचा फरक या तीन ओळी वेगळ्या पडल्या पाहिजेत. आणि प्रत्येक पावतीवर बँकेनं त्या रकमेला दिलेला संदर्भ क्रमांक हवा.

पैसे आणायलाही मुदत असते. बरीच वर्षं ती नऊ महिने होती, नोव्हेंबर 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेनं ती पंधरा महिने केली. मुदतीत पैसे आले नाहीत तर घेतलेला ड्रॉबॅक आणि रोडटेपचा लाभ परत मागितला जाऊ शकतो. त्यामुळे ईआरपीत येण्याची यादी काढताना बिलाची तारीख पुरत नाही. प्रत्येक शिपिंग बिलापुढे त्याची शेवटची तारीख आणि ते बँकेत मिटलं की नाही, असे दोन रकाने लागतात.

ताईंनी त्याच दुपारी बँकेला पत्र लिहिलं. आगाऊ रकमेचा संदर्भ क्रमांक, शिपिंग बिलाचा नंबर, आणि 25 डॉलरच्या फीसाठी परदेशी बँकेच्या कपातीचा संदेश जोडला. मी ईआरपीत फीची ओळ वेगळी करून दिली. आठवड्यानं त्यांचा फोन आला. यादीतून ते शिपिंग बिल गेलं होतं, आणि परकी चलन हाती आल्याचा दाखला, ई-बीआरसी, त्यांनी डीजीएफटीच्या पोर्टलवरून काढून बिलाच्या फाइलला लावला होता. "आता बाकीची अकरा बिलं काढून बसलेय," त्या म्हणाल्या, "तिघांवर फी कापलेली सापडली."